रिकामी खोकी, भरलेली खोकी: एकाच कोड्यात अर्धा वर्ग का अडकला?

मेघना_सातारा (धागाकर्ती)
बुधवार, रात्री ९.१०

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. गेल्या शनिवारी आठवीच्या मुलांबरोबर एक जुना प्रयोग करून पाहिला. त्यात जे दिसलं ते चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

कोडं असं आहे. भिंतीवर सॉफ्ट बोर्ड. टेबलावर तीन छोट्या मेणबत्त्या, काड्या, ड्रॉइंग पिना आणि पुठ्ठ्याची काडेपेटीएवढी तीन खोकी. मेणबत्त्या बोर्डावर डोळ्यांच्या उंचीला उभ्या करायच्या. काडी ओढायची असेल तर ती मी ओढणार, एवढीच माझी अट. उत्तर सोपं आहे. खोकी पिनांनी बोर्डाला टोचली की छोटा कोनाडा तयार होतो, त्यात मेणाचा थेंब पाडून मेणबत्ती बसवायची.

मी वर्गाचे दोन गट केले आणि दोन वेगळ्या खोल्यांत बसवले. पहिल्या गटासमोर खोकी रिकामी ठेवली, इतर सामान सुटं. दुसऱ्या गटाला तंतोतंत तेच सामान, पण मेणबत्त्या एका खोक्यात, काड्या दुसऱ्यात, पिना तिसऱ्यात. पहिल्या गटात पाच-सात मिनिटांत बहुतेकांची खोकी बोर्डावर चढली. दुसऱ्या गटात तास संपेपर्यंत झटापट चालू होती. एकाने मेणबत्तीचं बूड वितळवून ती बोर्डाला चिकटवून पाहिली, ती घसरली. एकाने मेणबत्तीतून पिन आरपार घालायचा प्रयत्न केला, मेण तडकलं. आणि एक मुलगी तर मी विसरूच शकत नाही. लांब पिन शोधायची म्हणून तिने खोक्यातल्या सगळ्या पिना डाव्या तळहातावर ओतल्या, रिकामं खोकं कोपराशी सरकवलं आणि मला विचारलं, “बाई, यापेक्षा मोठ्या पिना आहेत का?” उत्तर तिच्या कोपराला टेकलेलं होतं.

याच मुली दिवाळीत खोक्यावर पणती ठेवतात. त्यांना हे माहीत नाही असं नाहीच. मग खोक्यात चार पिना टाकल्या की खोकं दिसेनासं का होतं? आणि “नवीन माणसाला विचार, त्याला दिसेल” असं आपण म्हणतो, त्यात नेमकं काय घडत असतं? जाणकारांनी सांगावं.

---

रानवाटा
बुधवार, रात्री ९.४८

छान धागा, ताई. याचं उत्तर एका शब्दात आहे, चौकट. आमच्या ऑफिसात ट्रेनिंगला नऊ ठिपक्यांचं कोडं देतात. तीन बाय तीन ठिपके, पेन न उचलता चार सरळ रेषांत सगळे जोडायचे. ठिपक्यांचा चौकोन बनतो आणि आपण मनाने त्याच्या आतच राहतो. रेषा चौकोनाबाहेर नेली की सुटतं. तुमच्या मुलांचंही तेच. त्यांना आधीच “चौकटीबाहेर विचार करा” असं सांगितलं असतं तर सगळ्यांना आलं असतं. नवीन माणसाला चौकटच नसते, म्हणून त्याला लगेच दिसतं.

---

कोरा_कागद
बुधवार, रात्री ११.२०

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. मेघनाताई, तुम्ही जवळजवळ मूळ मांडणीच केली आहे. आजकाल एक मेणबत्ती आणि पिनांचं एक खोकं असंच सांगतात, पण मूळ प्रयोगात तीन मेणबत्त्या आणि तीन खोकीच होती.

हा प्रयोग कार्ल डुंकर यांचा. ते बर्लिनच्या गेस्टाल्ट परंपरेतले, म्हणजे सुट्या तुकड्यांपेक्षा अख्ख्या आकृतीकडे बघणाऱ्या मानसशास्त्रज्ञांपैकी. त्यांचं काम जर्मनमध्ये १९३५ साली छापलं गेलं. नाझी राजवटीत त्यांना बर्लिन सोडावं लागलं, पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९४० मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी वारले. इंग्रजी भाषांतर आलं १९४५ मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्याकडे रिकाम्या खोक्यांच्या गटात सातपैकी सातांना उत्तर सापडलं, भरलेल्या खोक्यांच्या गटात सातपैकी तिघांना.

इंग्रजी वर्गात आपण “फंक्शनल फिक्सेडनेस” शिकवतो. डुंकरांचा जर्मन शब्द “गेबुंडेनहाइट” आहे, म्हणजे बांधलेपण. मला मराठीत “जुंपलेपण” जास्त बरोबर वाटतं. बैल मोटेला जुंपलेला असला की नांगराला बैल हवा असताना तो आपल्या हिशेबात येत नाही. बैल तोच आहे, दावणीला मोकळा उभा असता तर पहिल्यांदा त्याच्याकडेच नजर गेली असती. खोकं आत्ता, या क्षणी पिना सांभाळण्याच्या कामाला जुंपलेलं आहे. तुमच्या त्या विद्यार्थिनीने पिना ओतल्या तरी तिच्या लेखी ते “पिनांचं खोकं”च राहिलं. खोकं रिकामं झालं, पण जू उतरलं नाही.

म्हणूनच रानवाटा यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अडथळा आहे हे खरं, पण तो “चौकट” नावाच्या एका मोठ्या कुंपणाचा नाही. तो एका विशिष्ट वस्तूच्या आत्ताच्या कामाशी बांधलेला आहे. कुंपण असतं तर दोन्ही गट सारखेच अडकले असते.

---

अवधूत_इंजिनिअर
गुरुवार, सकाळी ७.३५

सर, सात आणि सात? एवढ्याशा माणसांवरून सिद्धांत? सातांपैकी तिघे म्हणजे एखाद-दुसरा इकडचा तिकडे झाला की चित्र बदललं. आमच्याकडे एवढ्या नमुन्यावर कुणी एक नटही पास करणार नाही.

---

कोरा_कागद
गुरुवार, सकाळी ८.१५

शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच रॉबर्ट ॲडमसन यांनी १९५२ मध्ये हाच प्रयोग पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांवर पुन्हा केला. वेळ वीस मिनिटं दिली. रिकाम्या खोक्यांच्या गटात सुमारे ८६ टक्के लोकांना जमलं, भरलेल्या खोक्यांच्या गटात सुमारे ४१ टक्के. फरक टिकला.

आणि नऊ ठिपक्यांबद्दल. वाइसबर्ग आणि आल्बा यांनी १९८१ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं की रेषा चौकोनाबाहेर न्यावी लागेल. “चौकटीबाहेर जा” यापेक्षा उघड सूचना असू शकत नाही. तरीही बहुतेकांना कोडं सुटलं नाही. बाहेर जायचं हे कळलं, तरी कुठून निघायचं, किती बाहेर जायचं आणि कुठे वळायचं हे उरतंच. तुमच्या ट्रेनिंगमध्ये उत्तर दाखवल्यावर सगळे “अरेच्चा” म्हणतात, त्यामुळे एका वाक्याने सुटलं असतं असा भास होतो.

---

सौमित्रचे_बाबा
गुरुवार, दुपारी १.०५

नमस्कार. माझा मुलगा पाचवीत आहे, शिष्यवृत्ती परीक्षेला बसतोय. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात तो अडकतो. ही मेणबत्तीची कोडी सोडवून घेतली तर बुद्धिमत्ता वाढेल का? ज्या मुलांना जमलं नाही ती कमी हुशार असतात का? अशा प्रकारांची यादी कुठे मिळेल? रोज दहा-दहा करून घेण्याची माझी तयारी आहे.

---

मेघना_सातारा
गुरुवार, दुपारी ४.४०

सौमित्रचे बाबा, तुमची तळमळ समजते, पण कोण हुशार हे तपासायला मी हा प्रयोग केला नव्हता. दोन्ही गटांत मी मुद्दाम सगळ्या प्रकारची मुलं वाटून घातली होती. अडकलेल्यांत आमची गणिताची पहिली मुलगीसुद्धा होती. फरक मुलांत नव्हता, टेबलावर वस्तू कशा ठेवल्या त्यात होता.

आणि एकाच साच्याची दहा-दहा करून घेण्याबद्दल मला खरंच काळजी वाटते. एक करून पाहा. सौमित्रला तीन भांडी द्या, २१, १२७ आणि ३ लिटरची. नेमकं १०० लिटर पाणी मोजायचं. उत्तर: १२७ भरायचं, त्यातून २१ काढायचं, मग दोनदा ३ काढायचं. याच पद्धतीने सुटतील अशी आणखी चार-पाच द्या, फक्त आकडे बदला. मग हे द्या: २३, ४९ आणि ३, मोजायचं २०. बहुतेक मुलं ४९ मधून २३ आणि दोनदा ३ काढत बसतात. २३ मधून एकदा ३ काढलं की झालं, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. लुचिन्स यांनी १९४२ साली हे दाखवून दिलं. बी.एड.ला हे शिकलो होतो, पण वर्गात करून पाहिलं तेव्हा खरं पटलं. त्यानंतर २८, ७६, ३ मधून २५ द्या. इथे लांब रस्ता चालतच नाही, फक्त २८ वजा ३ चालतं. तिथे काही मुलं “हे सुटत नाही” म्हणून पेन खाली ठेवतात.

सराव हवाच. पण प्रकार मिसळून द्या, एका बैठकीत एकच साचा नको.

---

गॅरेजवाला_इचलकरंजी
गुरुवार, रात्री १०.२२

मॅडम, तुमचा धागा वाचला आणि आमच्या गॅरेजमधला एक दिवस डोळ्यांपुढे आला. मी अवजड गाड्यांचं काम करतो, पंचवीस वर्षं झाली.

एका ट्रकचा गिअरबॉक्स उतरवला होता, क्लच प्लेट बदलायची होती. क्रँकशाफ्टच्या टोकाला मधोमध पायलट बुश असतो, पितळी. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरतं. तो झिजला होता. अडचण अशी की तो आंधळ्या भोकात बसलेला असतो. मागे जागाच नाही, ओढून काढायच्या पुलरचे पाय पकडणार कशाला? मी छिन्नी लावून पाहिली, कडा चिरडली. आत आटे पाडून बोल्टने ढकलावं म्हटलं तर त्या मापाचा टॅप नव्हता. दुपारचे दोन वाजले. मी आणि माझा जुना मिस्त्री, दोघांचं बोलणं एकच: आणखी लांब छिन्नी, आणखी बारीक पुलर. हाताशी ग्रीसचा डबा उघडा होता, कारण नवा बुश बसवताना ग्रीस लावायचं होतं.

नवीन लागलेला पोरगा, महिनाही झाला नव्हता, म्हणाला, “काका, भोक ग्रीसने भरून वरून दट्ट्या ठोकला तर?” मला कळेना हा काय बोलतोय. तो आधी जॅक दुरुस्तीच्या दुकानात होता. त्याच्यासाठी तेल-ग्रीस म्हणजे दाबलं की पुढच्याला ढकलणारी वस्तू. माझ्यासाठी ग्रीस म्हणजे वंगण. पंचवीस वर्षं वंगण.

केलं तसंच. भोक गच्च ग्रीसने भरलं, बुशच्या आतल्या मापाला घट्ट बसेल असा जुन्या शाफ्टचा तुकडा घेतला, वर चिंधी गुंडाळली आणि हातोडा. दांडी सैल असेल तर ग्रीस कडेने उसळून थेट तोंडावर येतं, त्यामुळे माप नीट हवं. दोन ठोक्यांनंतर दांडी नुसती आत गेली, परत ग्रीस भरलं. चौथ्या-पाचव्या ठोक्याला बुश आपसूक बाहेर सरकायला लागला. ग्रीस दाबलं जात नाही, त्याला जायला दुसरी वाट नाही, मग ते बुशच्या मागून ढकलतं. बुश आणि दांडी दोन्ही तुटके-फुटके नसले तरच हे चालतं, फट असली की सगळा जोर वाया. त्यानंतर मी ओल्या वर्तमानपत्राचे बोळे घालूनही केलंय, घाण कमी होते.

सांगायचं एवढंच की ग्रीस माझ्या हातात होतं आणि मला दिसत नव्हतं. वर कुणीतरी लिहिलंय की नवीन माणसाला चौकट नसते. त्या पोराला होती की. त्याची जॅकची होती, माझी क्लचची.

---

रानवाटा
गुरुवार, रात्री ११.०३

गॅरेजवाले काका, वाचून अंगावर काटा आला. माझं “चौकटच नसते” हे वाक्य मी मागे घेतो. पण मग एक प्रश्न उरतो. पोरगा जॅकच्या दुकानातून आला नसता, नुसताच कोरा असता, तर त्याला सुचलं असतं का? मला अजूनही वाटतं की न जाणण्याचा काहीतरी फायदा असतोच.

---

कोरा_कागद
शुक्रवार, सकाळी ८.५०

हा मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे.

गॅरेजवाल्यांच्या बाजूने आधी. छतापासून दोन दोऱ्या लोंबताहेत, त्यांची टोकं एकत्र बांधायची. एक धरून दुसरीकडे गेलं तर हात पोचत नाही. उत्तर असं की एका दोरीला काहीतरी जड बांधून तिचा झोका करायचा, दुसरी हातात धरून मधे उभं राहायचं आणि झोका जवळ आला की पकडायचा. हे मायर यांचं १९३१ सालचं कोडं. बर्च आणि रॅबिनोविट्झ यांनी १९५१ मध्ये त्यात एक भर घातली. कोड्याआधी काही लोकांना एक विजेचं सर्किट पूर्ण करायला दिलं. काहींनी ते स्विच लावून केलं, काहींनी रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच, लावून. मग दोऱ्यांचं कोडं दिलं, समोर स्विच आणि रिले दोन्ही ठेवले. वजन म्हणून कुठलंही चाललं असतं. पण ज्यांनी स्विच वापरला होता त्यांतल्या बहुतेकांनी रिले बांधला आणि ज्यांनी रिले वापरला होता त्यांनी स्विच. थोड्याच वेळापूर्वीचं जू मानेवर होतं. आणि “हाच का निवडला” विचारलं तर ते आपण निवडलेली वस्तू झोक्यासाठी कशी जास्त सोयीची आहे याची कारणं देत होते. तिथे दोन माणसं एकत्र असती, एक स्विचवाला आणि एक रिलेवाला, तर दोघांना मिळून दोन्ही वस्तू दिसल्या असत्या. इचलकरंजीत हेच झालं.

आता रानवाटांच्या बाजूने. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफेटर यांनी २००० साली लहान मुलांना खोक्याचं एक कोडं दिलं. बाहुल्या-अस्वलाला उंच फळीवरचं खेळणं काढायचं आहे, खोकं उपडं केलं की त्यावर चढता येतं. सहा-सात वर्षांची मुलं, खोक्यात सामान भरलेलं पाहिलं की, मोठ्यांसारखीच रेंगाळली. पाच वर्षांच्या मुलांवर त्याचा परिणाम दिसला नाही. “खोकं सामान ठेवण्यासाठीच असतं” हे त्यांच्या मनात अजून घट्ट बसलेलं नसावं. म्हणजे कमी जाणण्याचा फायदा अगदीच खोटा नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला क्लच काढता येत नाही, हेही खरंच.

---

गॅरेजवाला_इचलकरंजी
शुक्रवार, दुपारी २.१५

सर, एक खरंच विचारायचं आहे. त्या दिवशी मी तीन तास अडकलो होतो. मला आतून वाटत होतं की आता निघेलच, जवळ आलोय. आपण अडकलोय हे आपलं आपल्याला कळतं का? कळलं असतं तर आधीच कुणालातरी हाक मारली असती.

आणि दुसरी बाजूही लिहितो. दिवसभर प्रत्येक पान्याकडे “याचं आणखी काय होईल” म्हणून बघत बसलो तर संध्याकाळपर्यंत एक गाडी गेटबाहेर पडायची नाही. ग्रीस वंगण आहे हे डोक्यात पक्कं आहे म्हणून तर हात चालतो.

---

कोरा_कागद
शुक्रवार, सायंकाळी ६.३०

दुसऱ्या बाजूशी पूर्ण सहमत. जुंपलेपण ही खोड नाही, रोजचं काम त्यावरच चालतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा निराश करणारं आहे. मेटकाफ आणि वीबी यांनी १९८७ मध्ये लोकांना कोडी सोडवताना दर पंधरा सेकंदांनी विचारलं, उत्तराच्या किती जवळ आलात असं वाटतं? बीजगणिताच्या उदाहरणांत हा आकडा हळूहळू चढत गेला. मर्मदृष्टीच्या कोड्यांत, म्हणजे जिथे उत्तर एकदम लख्ख पडतं तिथे, तो अगदी शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहिला आणि मग एकदम उडी. अशा कोड्यात “आलंच जवळ” या भावनेवर विसंबता येत नाही.

सुचलं कसं, हेही माणसाला नीट सांगता येत नाही. मायर यांच्या दोऱ्यांच्या कोड्यात अडकलेल्यांसमोरून प्रयोगकर्ता खिडकीकडे जाता जाता एका दोरीला सहज धक्का लावायचा. दोरी हलली की पुष्कळांना मिनिटभरात झोका सुचायचा. पण कसं सुचलं विचारलं तर त्या धक्क्याचं नाव जवळजवळ कुणी काढत नसे. मानसशास्त्राच्याच एका प्राध्यापकांनी सांगितलं की त्यांना नदी ओलांडताना झाडांवरून झोके घेणारी माकडं डोळ्यांपुढे दिसली.

म्हणून मी आतल्या भावनेपेक्षा हाताकडे बघतो. तुम्हीच लिहिलंय: आणखी लांब छिन्नी, आणखी बारीक पुलर. तुमची विद्यार्थिनी, मेघनाताई: आणखी मोठ्या पिना. प्रयत्न तोच, फक्त जास्त जोराने किंवा जास्त मापाने. तीन वेळा असं झालं की मी थांबतो. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, संशोधनातून आलेला नाही.

---

अवधूत_इंजिनिअर
शुक्रवार, रात्री ९.००

आकडे पाहून माझी शंका बरीच मिटली. पण दरवेळी जॅकवाला पोरगा कुठून आणायचा? रात्री अकराला मशीन बंद पडलं तर मी एकटाच असतो. एकट्या माणसाने जू उतरवायचं कसं, याला काही पद्धत आहे की नाही?

---

कोरा_कागद
शुक्रवार, रात्री १०.४५

एक पद्धत आहे आणि तिची चाचणीही झाली आहे. टोनी मॅकॅफ्री यांनी २०१२ मध्ये मांडली. उदाहरण घेऊनच सांगतो.

दोन जड पोलादी कड्या आहेत. त्या एकमेकींना घट्ट बांधायच्या. जवळ एक लांब मेणबत्ती, एक काडी आणि पोलादाचा दोन इंची ठोकळा. बस. बहुतेक जण मेण वितळवून कड्या चिकटवायला जातात, पण मेणाला तेवढा भार पेलत नाही.

आता प्रत्येक वस्तूचे भाग पाडत जायचं आणि प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारायचे. याचे आणखी भाग पडतात का? आणि मी जे नाव घेतलं त्यात त्याचं काम लपलंय का? काम लपलं असेल तर नाव बदलायचं, नुसतं ते कशाचं आहे आणि कसं आहे एवढंच सांगायचं. मेणबत्ती म्हणजे मेण आणि वात. “वात” या शब्दात जळण्याचं काम आहे, म्हणून तिला म्हणायचं पिळलेला सुती दोरा. दोरा म्हटल्याबरोबर बांधणं डोळ्यांसमोर येतं. मग ठोकळ्याच्या धारेवर मेणबत्ती घासून मेण काढायचं, दोरा मोकळा करायचा आणि कड्या बांधायच्या. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांनी अशी कोडी न शिकवलेल्यांपेक्षा सुमारे दोन तृतीयांशांनी जास्त सोडवली.

गॅरेजवाले, तुमच्या डब्यावरचं नाव “वंगण”. नाव बदलून म्हणा, न दबणारा, वाट मिळेल तिकडे सरकणारा घट्ट लगदा.

मर्यादाही सांगतो. अडचण एखाद्या वस्तूच्या कामात लपलेली असेल तेव्हाच हे चालतं. नऊ ठिपक्यांच्या कोड्यात भाग पाडून काही हाती लागत नाही. आणि गाडीच्या इंजिनाचे भाग पाडत बसलात तर यादी संपणारच नाही, त्यामुळे हाताशी मोजक्या वस्तू असतील तिथे ही जास्त उपयोगी.

---

सुमन_काकू
शनिवार, सकाळी ६.५५

मी फारसं लिहीत नाही, पण सरांचं कड्यांचं कोडं वाचताना उत्तराच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच मनात आलं, दोरा काढा की आतला. पन्नास वर्षं समईच्या वाती वळते आहे. कापूस पिंजून, सूत काढून, दुहेरी करून पीळ द्यायचा. माझ्या हाताला वात आधी सूत म्हणून भेटते, जळते नंतर. माझ्या सुनेला तेच कोडं घातलं, ती इंजिनिअर आहे, ती मेणच वितळवत बसली. तिला रागावायचं कारण नाही, तिने वात विकतच आणलेली.

---

रानवाटा
शनिवार, सकाळी ९.३०

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या बाजूची अर्धी हवा गेली. तुम्हाला सुचलं ते जास्त जाणत होतात म्हणून. तरी ती पाच वर्षांची मुलं माझ्या डोक्यातून जात नाहीत. सर, या दोन्हींचा मेळ कुणी घातला आहे का?

---

कोरा_कागद
शनिवार, सकाळी ११.१०

पटेल असा मेळ माझ्या वाचनात नाही. माझा अंदाज असा की दोन वेगळ्या गोष्टींना आपण “ताजी नजर” हे एकच नाव देतो. एक, जू मानेवर कधी चढलंच नाही. दुसरी, वेगळंच जू चढलं होतं. सुमनकाकू आणि जॅकवाला पोरगा दुसऱ्या प्रकारचे. पण हा अंदाज आहे, वाद घालायला माझी हरकत नाही.

---

सौमित्रचे_बाबा
शनिवार, दुपारी १२.४०

मॅडम, तीन भांड्यांचं सौमित्रला दिलं. ४९ वालं त्याने लांब रस्त्यानेच केलं. २५ वालं सुटत नाही म्हणाला. मग त्याच्या धाकट्या बहिणीने, तिसरीत आहे, तिने आधीची काहीच केली नव्हती, नुसतं बघून २८ मधून ३ म्हणाली. तो रडवेला झाला, मग मीच त्याला सांगितलं की तू आधी पाच केलीस म्हणून तुला तसं दिसलं. आज प्रकार मिसळून दिले आहेत.

---

मेघना_सातारा (धागाकर्ती)
शनिवार, रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळा सुटल्यावर नववीच्या एका तुकडीला भरलेल्या खोक्यांसकट तेच कोडं दिलं, पण सरांच्या पद्धतीने आधी फळ्यावर वस्तूंची यादी करून घेतली. “काडेपेटी” म्हणाले की मी विचारायचे, नाव बदला. “पिनांचं खोकं” यावर बराच वेळ अडले. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “पाच बाजू असलेला पुठ्ठा, बाई, एक बाजू उघडी.” मी ते फळ्यावर लिहीपर्यंत दोन मुली पिना ओतायला उठल्या होत्या.

पण त्या दोघींपैकी एकीचा भाऊ आठवीत आहे, त्याने घरी सांगितलं नसेल याची मला खात्री देता येत नाही. सोमवारी शेजारच्या गावातल्या शाळेत, जिथे हे कुणी ऐकलेलं नाही, तिथे परत करणार आहे. निम्म्या मुलांकडून यादी करून घेईन, निम्म्यांकडून नाही. जे होईल ते इथेच लिहीन.